जखमेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी: वॉर्डात पाळायची पद्धत, संमतीपासून फोन रिकामा होईपर्यंत

रात्री पावणेदोनला वॉर्डातून तज्ज्ञ डॉक्टरांना फोन जातो, "सर, फोटो पाठवते, बघता का?" नागपुरात हे रोज घडतं. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी रुग्णालयांत घडतं, मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांतही घडतं. सर्जन शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि रुग्ण काटोल, उमरेड किंवा थेट गडचिरोलीहून आलेला असतो. अशा वेळी फोटोने तासभर वाचतो आणि कधी कधी पायही वाचतो. त्यामुळे "वॉर्डात मोबाइलने फोटो काढण्यास सक्त मनाई" असा कागद भिंतीवर लावून काहीच साधत नाही. फोटो काढले जातातच, फक्त लपून काढले जातात. रुग्णालयाच्या नोंदी आणि गुणवत्तेचं काम मी बरीच वर्षं करते आहे. फोटो कसा काढायचा, कोणाला पाठवायचा आणि नंतर त्याचं काय करायचं, एवढं ठरवून दिलं की लपवाछपवी थांबते, हा माझा अनुभव आहे.

इथे मी एकच प्रसंग धरून चालणार आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरला बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला हवा आहे आणि त्यासाठी जखमेचा फोटो पाठवायचा आहे. नव्वद टक्के गोंधळ याच रस्त्यावर होतो असं म्हणण्याइतके आकडे माझ्याकडे नाहीत, पण माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक तक्रारींची सुरुवात इथूनच झालेली होती.

"चेहरा दिसत नाही, मग संमती कशाला?"

हा प्रश्न मला प्रत्येक नव्या बॅचमध्ये कोणीतरी विचारतं. त्याला आधारही आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे नियम आहेत, त्यांतलं कलम ७.१७ सांगतं की रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा केस रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. त्याच कलमात पुढे असंही आहे की ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. मात्र ते वैद्यकीय किंवा इतर नियतकालिकात छापण्याबद्दलचं आहे आणि ग्रुपवर फोटो टाकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. शिवाय त्याच नियमांत ७.१४ हे कलमही आहे. रुग्णाबद्दल उपचाराच्या ओघात जे कळलं ते, ठरावीक अपवाद सोडून, बाहेर सांगायचं नाही, असं ते बजावतं.

आणि ओळख पटते की नाही हे ठरवणार कोण? फोटो काढणाऱ्याला वाटतं, हा कोणाचाही हात असू शकतो. मी आधी जिथे काम करत होते तिथे एका वयस्क बाईंच्या हातावरच्या चट्ट्याचा फोटो डॉक्टरांच्या ग्रुपवर मत विचारायला टाकला गेला. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. खाली निदान लिहिलं होतं: कुष्ठरोग. पण मनगटाच्या वर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि त्याखाली भावाचं नाव. फोटो त्या ग्रुपमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला आणि शेवटी त्यांच्याच गावात कोणाच्या तरी फोनवर उघडला. गोंदण बघून लोकांनी हात ओळखला. बाई पुढच्या तपासणीला आल्या नाहीत. सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स तिसऱ्या महिन्यात थांबला. घरी गेलेल्या समाजसेवकाला सुनेने दारातूनच परत पाठवलं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ओळख पटत नाही असं गृहीत धरायचं नाही आणि संमती प्रत्येक वेळी घ्यायची. आपल्या भागात गोंदण, हातातलं कडं, पायातलं जोडवं, जुन्या भाजल्याचा व्रण, सहावं बोट यांतली कोणतीही गोष्ट ओळखीला पुरते. डोळ्यांवर काळी पट्टी मारणं तर निव्वळ समाधानापुरतं असतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिनेही डोळे झाकणं अपुरं असल्याचं लिहून ठेवलं आहे.

संमती एक नाही, चार आहेत

भरतीच्या वेळी ज्या गठ्ठ्यावर सह्या घेतात, त्यात कुठेतरी "छायाचित्रण व शैक्षणिक वापरास माझी हरकत नाही" अशी ओळ असते. त्या ओळीवर विसंबू नका. पोटात दुखत असताना नातेवाइकाने सातव्या पानावर केलेली सही ही या फोटोसाठीची संमती होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती नेमक्या कामासाठी, समजून-उमजून, कोणतीही अट न घालता दिलेली असावी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, अशी त्यांची अपेक्षा आहे.

म्हणून संमतीपत्र एका पानाचं ठेवा आणि त्यात चार वेगळ्या ओळी घ्या. प्रत्येक ओळीसमोर हो किंवा नाही आणि प्रत्येकीला वेगळी सही किंवा अंगठा. पहिली ओळ उपचाराची नोंद म्हणून फोटो काढून फाइलमध्ये ठेवण्याची. दुसरी तोच फोटो रुग्णालयाबाहेरच्या तज्ज्ञाला सल्ल्यासाठी मेसेजवर पाठवण्याची. तिसरी विद्यार्थ्यांना किंवा इतर डॉक्टरांना शिकवताना दाखवण्याची. चौथी छापील लेख, रुग्णालयाची जाहिरात किंवा सोशल मीडिया यांची. "आधी आणि नंतर" असे फोटो पेजवर टाकायची हौस असलेल्यांनी चौथी ओळ नीट वाचावी. पहिल्या ओळीवर मिळालेली सही चौथीला चालत नाही.

तिसरी-चौथी ओळ नाकारली तरी उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य कागदावर छापलेलं असावं आणि तोंडानेही सांगावं. चौथ्या ओळीशी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची: एकदा बाहेर गेलेला फोटो पूर्ण परत आणता येत नाही.

रात्री वेळ नसतो हे मलाही कळतं. तेव्हा पहिल्या दोन ओळींपुरतंच विचारा, बाकीच्या दोन दुसऱ्या दिवशी. विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आमच्या एका सिस्टर कशा विचारतात ते जवळून पाहिलं आहे, ते जसंच्या तसं देते.

"मावशी, पायाच्या जखमेचा फोटो काढायचा आहे. मोठे डॉक्टर घरी आहेत, त्यांना आत्ता मोबाइलवर दाखवायचा. तुमचं नाव नाही जाणार, चेहरा नाही येणार. काढू का?"

"आजून कोनाले दाखवसान?"

"फक्त त्यांनाच. आणि तुमच्या फाइलीत राहील. दुसऱ्या कोणाला दाखवायचा झाला तर आधी तुम्हालाच विचारू. नको म्हणालात तरी इलाज तसाच होईल, डॉक्टर गाडी काढून येतील, थोडा वेळ लागेल एवढंच."

"मंग काढ बाई. जोडवे काढून ठेवतो, थांब."

जोडवी काढायचं मावशींनाच सुचलं. नेमकं कोणाला दाखवणार हे कळलं म्हणून सुचलं.

भाषेची अडचण खरी आहे. कायद्याप्रमाणे सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा पर्याय असायला हवा. मराठी आणि हिंदी त्यात आहेत, पण गोंडी नाही. गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णाला मराठी कागद वाचून दाखवला आणि त्याने मान हलवली, याला समजून दिलेली संमती म्हणता येत नाही. गोंडी बोलणारी एखादी सिस्टर, वॉर्डबॉय मामा किंवा नातेवाईक मध्ये घ्या आणि कोणी समजावून सांगितलं त्याचं नाव कागदावर लिहा.

रुग्ण बेशुद्ध असेल तर फक्त उपचाराला लागेल तेवढाच फोटो काढा, सोबतच्या नातेवाइकाला सांगा, फोटो का काढला ते फाइलमध्ये लिहा आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतःला सांगून पुढचं विचारा. तिसऱ्या-चौथ्या वापरासाठी नातेवाइकाची सही घेऊच नका. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागते. दहा-बारा वर्षांचं पोर नको म्हणत असेल तर त्याचंही ऐका.

काही रुग्णांच्या बाबतीत मात्र खाजगी फोन खिशातून निघताच कामा नये: लैंगिक अत्याचाराच्या केसेस, पोक्सोखालची मुलं आणि पोलिस केस असलेल्या जखमा. तिथले फोटो मेडिकोलीगल पद्धतीनेच, नेमलेल्या माणसाकडून काढले जातात. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा केसमध्ये सल्ला हवा असेल तर फोटो न पाठवता फोनवर बोला.

कोणत्या फोनने

प्रत्येक मजल्यावर एक ड्युटी फोन ठेवा. साधा चालेल, कॅमेरा ठीक हवा. त्यात रुग्णालयाचंच सिम, सहा आकडी पिन आणि फोन कोणाच्या ताब्यात आहे याची पाळीनुसार सही. रेसिडेंटच्या स्वतःच्या फोनमधला फोटो घरच्यांच्या सहलीच्या फोटोंमध्ये मिसळतो. फोन विकला, हरवला, धाकट्या भावाने हातात घेतला की प्रश्न सुरू होतात.

ड्युटी फोनवर चार गोष्टी पहिल्याच दिवशी करून ठेवा. गुगल फोटोजचा बॅकअप बंद करा, नाहीतर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप क्लाउडवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Chats` खाली `Media visibility` बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत उतरणार नाहीत. चॅटचा बॅकअपही बंद ठेवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशनची नोंद बंद करा. मेसेजमध्ये साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि ही छुपी माहिती गळून पडते, पण फोटो स्पष्ट दिसावा म्हणून `Document` करून पाठवला की मूळ फाइल लोकेशनसकट जाते.

पाचवी गोष्ट दर आठवड्याला करायची: `Linked devices` उघडून बघा. नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ठेवलेलं असतं आणि जो माणूस खुर्चीवर बसेल त्याला सगळं दिसत राहतं. मी हे स्वतः तीनदा पकडलं आहे.

`View once` वापरावं का, असं विचारतात. समोरच्याच्या फोनमध्ये फोटो साठत नाही हा त्याचा फायदा खरा आहे. पण सर्जनला तासाभराने पुन्हा बघून लाली वाढली का हे ताडायचं असतं, तेव्हा फोटो गेलेला असतो. शिवाय दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घेणं कोणी थांबवू शकत नाही. माझं मत असं: जखमेच्या सल्ल्यासाठी साधा फोटो पाठवा आणि त्या चॅटला `Disappearing messages` २४ तासांचं लावा. मात्र फोटो आधी रुग्णाच्या फाइलमध्ये गेलेला असला पाहिजे.

फोटो आणि त्यासोबतचा मजकूर

आता त्या मावशींचीच केस घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ५८, काटोलकडच्या संत्राबागेत मजुरी, मधुमेह १२ वर्षांपासून. डाव्या पायाच्या करंगळीखाली जखम, चार दिवसांची. रात्री अकराला भरती झाल्या.

फोटो काढण्याआधी सिस्टरने जखम सलाइनने पुसून घेतली, पायाखाली साधं हिरवं कापड टाकलं आणि लालीच्या कडेने पेनने रेघ आखून शेजारी वेळ लिहिली: १.४०. ही रेघ फार मोलाची. पहाटे लाली रेघेबाहेर गेली की नाही हे नवख्यालाही दिसतं. फ्लॅश बंद ठेवला, कारण ओल्या जखमेवर तो चमकतो आणि काळी पडलेली कातडी पांढुरकी दिसते. वॉर्डातला पिवळा दिवाही रंग फसवतो, म्हणून ड्रेसिंगचा पांढरा दिवा बाजूने धरला.

फोटो तीन. पहिल्यात कागदाच्या पट्टीवर आयपी नंबर म्हणजे भरतीचा क्रमांक, तारीख आणि "डावा पाय" लिहून पट्टी जखमेजवळ ठेवली. हा फक्त फाइलसाठी, तो बाहेर जात नाही. दुसरा हातभर अंतरावरून, पूर्ण पाऊल आणि घोटा दिसेल असा, नंबराच्या पट्टीशिवाय. तिसरा साधारण एक फुटावरून, कॅमेरा जखमेला काटकोनात धरून, शेजारी सेंटिमीटरची कागदी पट्टी. तिरका काढला तर जखमेचं माप चुकतं. पाठवण्याआधी डॉक्टरने फोटोचे चारही कोपरे बोटाने मोठे करून पाहिले. दुसऱ्या फोटोत वरच्या कोपऱ्यात शेजारच्या पलंगावरचा नावाचा बोर्ड आला होता. तेवढा भाग कापला. एक्स-रे किंवा रिपोर्टचा फोटो काढताना ही तपासणी आणखी कडक करा, कारण फिल्मच्या कोपऱ्यात नाव आणि वय छापलेलं असतंच.

मग मजकूर. नुसता फोटो टाकून "सर, ओपिनियन प्लीज" लिहिणं धोक्याचं आहे. फोटोत वास येत नाही, पाय गरम आहे की गार हे कळत नाही, बोटाने दाबल्यावर कातडीखाली चरचर लागते का हे दिसत नाही. चरचर म्हणजे आत वायू धरल्याची खूण असू शकते आणि तिथे उशीर जिवावर येतो. सावळ्या कातडीवर लाली फोटोत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, हेही लक्षात ठेवा. म्हणून जे दिसत नाही ते लिहायचं. त्या रात्री गेलेला मेसेज असा होता:

"महिला, ५८, मधुमेह १२ वर्षे. वॉर्ड ३, नंबरचे शेवटचे आकडे ४१७. डावा पाय, करंगळीखाली जखम, ४ दिवस. ताप १०१.८, नाडी ११२, बीपी १००/६०, साखर ३८६. लाली १.४० ला आखली. दुर्गंधी आहे. चरचर नाही. पावलावरची नाडी लागते, पाय गरम. फोटो २. संमती घेतली आहे. कृपया फोन करा."

नाव नाही, गाव नाही, पण शेवटचे तीन आकडे आहेत. ते का, तर नाव काढून टाकल्यावर दोन रुग्णांचे फोटो एकमेकांत मिसळण्याचा धोका उभा राहतो. एकाच रात्री दोन पायांचे फोटो गेले आणि ऑर्डर भलत्याच पायाची आली, असं होऊ शकतं. आकडे, वय आणि बाजू या तीन गोष्टी सर्जनने फोनवर स्वतः बोलून दाखवायच्या, मग ऑर्डर द्यायची. "ठीक आहे" आणि अंगठ्याचं चित्र ही ऑर्डर नाही. फोनवर मिळालेली सूचना डॉक्टरने परत वाचून दाखवावी, वेळेसह केसपेपरवर लिहावी आणि सर्जन आल्यावर त्यावर सही घ्यावी. या केसमध्ये सर्जन फोटो बघून थांबले नाहीत. साखर आणि बीपीचे आकडे वाचून ते तासाभरात आले.

आणि मेसेज एकाच माणसाला, त्याच्या नंबरवर. ग्रुपवर नाही. "सर्जरी युनिट" नावाच्या ग्रुपमध्ये बदली होऊन गेलेले रेसिडेंट, दोन कंपन्यांचे प्रतिनिधी आणि एका जुन्या सिस्टरचा आता दुसऱ्याच कोणाकडे गेलेला नंबर, एवढं सगळं मला एकदा सापडलं होतं.

चुकून भलतीकडे गेला तर

पहिली दहा सेकंदं `Delete for everyone` दाबायची घाई करू नका. मेसेज ग्रुपवर गेला असेल तर आधी तो दाबून धरून `Info` उघडा आणि कोणी कोणी पाहिला ती नावं कागदावर लिहून घ्या. मेसेज पुसल्यावर ही यादी हाती लागत नाही. मग लगेच सर्वांसाठी पुसा. ही सोय दोन दिवसांच्या आसपासच चालते आणि कोणाच्या आयफोनच्या गॅलरीत फोटो आधीच उतरला असेल तर तो तिथे राहतो. म्हणून यादीतल्या प्रत्येकाला फोन करून पुसायला सांगा, ट्रॅशमधूनही. नंतर ड्युटी डॉक्टर, मेडिकल सुपरिटेंडेंट आणि घटनानोंद. आणि रुग्णाला सांगायचं, त्याच दिवशी, वरिष्ठाने, समोर बसून. रुग्णाला ते शेजाऱ्याकडून कळण्याआधी.

फोन रिकामा करणं

सकाळी पाळी बदलताना ड्युटी फोनमधले तिन्ही फोटो रुग्णाच्या डिजिटल फाइलमध्ये चढले का ते बघा. डिजिटल फाइल नसेल तर रंगीत प्रिंट केसपेपरला लावा आणि मागे तारीख-वेळ लिहा. मगच फोनमधून पुसा, आणि ट्रॅशही रिकामा करा. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस पडून असतो. रजिस्टरमध्ये एक ओळ: आयपी नंबर, किती काढले, किती चढवले, फोनमध्ये शिल्लक शून्य, सही.

रुग्णाने नंतर संमती मागे घेतली तर शिकवण्याच्या संचातून फोटो काढून टाका आणि ज्यांना दिला त्यांना कळवा. उपचाराच्या फाइलमधला फोटो मात्र नोंदीचा भाग असतो. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, त्यामुळे तो पुसता येत नाही. हे संमती घेतानाच सांगितलेलं असलं की नंतर वाद होत नाही.

मावशी तीन आठवड्यांनी घरी निघाल्या. दोन बोटं गेली, पाय राहिला. जाताना त्यांनी विचारलं, "तो फोटू मले भेटन का? घरी दाखवतो, बिनाचपलेचं वावरात जाऊ नोका म्हनून." रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, त्यात फोटोही येतो. मुलाने लगेच स्वतःचा नंबर पुढे केला. सिस्टरने मावशींकडे पाहून पुन्हा विचारलं, "याच्या फोनवर पाठवू, की कागदावर काढून देऊ?" मावशी म्हणाल्या, कागदावर. प्रिंट पाकिटात घालून त्यांच्या हातात दिली आणि रजिस्टरमध्ये त्यांचा अंगठा घेतला.